परीक्षेच्या काळात डेटिंग अ‍ॅपवरच्या मॅचला काय कळवावं?

"अ‍ॅपवर एकीशी मस्त बोलणं चालूए पण सीए फायनल तोंडावर आलीये. रिप्लाय कमी होतील हे कसं सांगू, टाळतोय असं नको वाटायला."

नुसतं 'बिझी आहे' लिहू नकोस रे, ते नकारासारखंच वाचलं जातं. रिप्लाय मंदावायच्या आधीच सांग, आणि कधीपर्यंत ते तारखेसकट सांग, म्हणजे असं काहीतरी, "१६ पर्यंत फायनलचे पेपर आहेत, तोवर रात्री जेवताना एकदाच फोन बघेन, पण तुझ्या राजगड ट्रेकची गोष्ट अर्धवट राहिलीये ती ऐकायचीये, पेपर संपले की त्या रविवारी कॉफी?" सॉरीचा पाढा नको, उगाच तिलाच तुझी समजूत काढावी लागते. आणि हे पाठवून दिवसभर इन्स्टावर स्टोऱ्या टाकत बसलास तर मेलास, ती बघतेच.