मदत हवी आहे: ‘सध्याची नोकरी का सोडता?’ या प्रश्नाचे उत्तर

रानजाई: शुक्रवारी मुलाखत आहे. मागच्या मुलाखतीत या प्रश्नावर मी अडखळले आणि तिथेच सगळे बिनसले. खोटे बोलायचे नाही, पण रडगाणेही गायचे नाही. काय सांगावे? कृपया लवकर सुचवा.

जुना_एचआर: काम कोणते, खरे कारण कोणते आणि नव्या जागेची जाहिरात काय म्हणते, हे तुम्ही लिहिलेलेच नाही.

साधासरळ: घरगुती कारण सांगा, त्यावर कोणी खोदून विचारत नाही.

जुना_एचआर: विचारतात. ‘मग इथे ती अडचण येणार नाही का?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो.

रानजाई: चाकणला वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात चार वर्षे अंतिम तपासणीत आहे. पगार पंचवीस-पंचवीस दिवस उशिरा होतो आणि साहेब सर्वांसमोर ओरडतात. नवी जागा प्रोसेस क्वालिटीची आहे, म्हणजे दोष मशीनवरच थांबवायचे काम, असे जाहिरातीत लिहिले आहे.

कोकणी_माणूस: माझा नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा होता, त्यामुळे हातातली ऑफर गेली. आधी ते बघा.

जुना_एचआर: तो प्रश्न निराळा आहे. रानजाई, पगार आणि साहेब ही दोन्ही कारणे तुम्हाला बाहेर ढकलणारी आहेत. त्यांतून हीच कंपनी का, हे निघत नाही. तपासणीत असे काय आहे, जे तुम्हाला पुरेनासे झाले?

रानजाई: गेजमध्ये न बसलेला भाग लाल पेटीत टाकायचा, एवढेच. भोक मोठे का झाले, टूल झिजले की भाग मशीनवर नीट पकडला गेला नव्हता, हे शोधायला मशीनवर जाऊ देत नाहीत.

जुना_एचआर: मग हेच तुमचे उत्तर आहे. ‘चार वर्षे मी दोष पकडले, आता ते मशीनवरच थांबवण्याचे काम मला करायचे आहे, आणि तुमच्या जाहिरातीत नेमके तेच लिहिलेले आहे,’ असे म्हटले की दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच धाग्यात येतात. मात्र ‘तिथेच बदली का मागितली नाही?’ असे मी तरी नक्की विचारले असते. न मागता हे कारण पुढे केले, तर ते रचलेले वाटते.

रानजाई: दोनदा मेल केला होता. ‘पुढे पाहू’ एवढेच उत्तर आले.

जुना_एचआर: मग तेही शांतपणे, साहेबांविषयी एकही विशेषण न वापरता सांगा.

साधासरळ: म्हणजे पगाराचे लपवायचेच ना? हा खोटेपणा नव्हे काय?

जुना_एचआर: लपवू नये. विचारलेच, तर ‘पगार अनियमित आहे, तेही एक कारण आहे,’ असे एका वाक्यात सांगून थांबावे. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये पगाराच्या तारखा दिसतातच.

साधासरळ: मी तर तेच आधी सांगेन. उशिरा पगार हे कोणालाही पटणारे कारण आहे.

रानजाई: तिथला पगारही वेळेवर होतो का, हे मुलाखतीतच विचारले तर चालेल का?