'स्लॅम', 'प्रोब', 'बिड', 'हाइक': ही गरज आहे की डेस्कचा आळस?

प्रतापनगरची शिक्षिका
माझ्या नववीच्या वर्गाला मी रोज इंग्रजी पेपर वाचायला लावते. त्याच्या हेडिंगांत कोर्ट 'स्लॅम' करतं, सरकार 'प्रोब' करतं, चोर 'बिड' करतो, भाडं 'हाइक' होतं. असं कोणीच बोलत नाही. साधा शब्द सुचत नाही म्हणून हे चाललंय. निव्वळ आळस आहे हा.

डेस्कवाला (निवृत्त)
ताई, 'आळस' या शब्दाचा मला राग आला, म्हणून सविस्तर लिहितो. नागपुरात इंग्रजी आणि मराठी दोन्ही डेस्कवर रात्रपाळ्या केल्या आहेत मी.

एका कॉलमाची रुंदी साधारण पाच सेंटीमीटर. त्यात ३६ पॉइंटचं हेडिंग लावायचं म्हटलं तर ओळीत आठेक एकक बसतात. साध्या अक्षराला एक एकक. आय, एल, टी, एफ, जे बारीक, म्हणून अर्धं. एम आणि डब्ल्यू रुंद, त्यांना दीड. कॅपिटललाही बहुधा दीडच. शिशाचा टाइप दाबून लहान होत नव्हता आणि हेडिंगात शब्द तोडायचा नाही हा नियम.

आता 'इन्व्हेस्टिगेट' मोजा. अकरा अक्षरं, चार अर्धी, नऊ एकक. म्हणजे नुसता तो एक शब्दच ओळीबाहेर जातो. 'प्रोब' पाचात बसतो. 'इन्क्रीज' साडेसात, 'हाइक' साडेतीन. 'अटेम्प्ट' सहा, 'बिड' अडीच. 'क्रिटिसाइझेस'ला आठ लागतात, पूर्ण ओळ संपली, आता कोर्ट कुठे लिहू आणि कोणावर टीका केली ते कुठे लिहू? पान सोडायला दहा मिनिटं उरलेली असताना हे बोटांवर मोजून करायचो आम्ही. शब्द सुचत नव्हता असं नाही, मावत नव्हता.

ठेकेदार, नंदनवन
बिड काहून चुकीचा शब्द आहे? मी पंधरा वर्षांपासून बिड भरून राहिलो. टेक्निकल बिड, फायनान्शियल बिड, सगळं पोर्टलवर हेच असते. मास्तरीणबाई, शब्द एकदम चालू आहे. फक्त मागच्या महिन्यात पेपरात होतं 'बिड टू ग्रॅब प्लॉट फॉइल्ड', मले वाटलं लेआउटचं टेंडर रद्द झालं. फोन केला ना मी दोन जणांले.

शिक्षिका
भाऊ, त्या बातमीत टेंडर नव्हतंच. प्लॉट बळकावण्याचा प्रयत्न फसला, एवढंच. मी म्हणते ते हेच, तुमच्यासारखा रोज तो शब्द वापरणारा माणूसच फसला!

डेस्कवाला
इथे मी तुमच्याशी भांडणार नाही. एजन्सीची बातमी मराठीत करताना एका नव्या मुलाने 'मर्डर बिड'चं 'खुनाची बोली' केलं होतं. रात्री पावणेबाराला प्रूफवर दिसलं. तसंच छापलं असतं तर वाचकाला सुपारी दिल्याची बातमी वाटली असती, आणि प्रकरण होतं घरगुती भांडणात विळा मारल्याचं. खुनाचा प्रयत्न वेगळा, सुपारी वेगळी. पण तो दोष भाषांतराचा. इंग्रजी हेडिंगाचा नाही.

महालकर
जागेचं कारण मला पटत नाही, काका. जागा एवढी महाग असेल तर मराठी पेपर 'नागपूर' न लिहिता 'उपराजधानी' का लिहितात? नागपूर चार अक्षरं, उपराजधानी सहा. 'उपराजधानी हादरली' आठवड्यातून दोनदा वाचतो. महालात कोणी कोणाला चाकू दाखवला तरी अख्खी उपराजधानी हादरते. मी इथेच राहतो, मी नाही हादरलो.

धरमपेठ
'उपराजधानी'ला नावं ठेवू नका. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारातून या शहराला काहीतरी मिळालं त्याची आठवण आहे त्या शब्दात. मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होतो आपण, १९५६ ला ते गेलं. निदान शब्द तरी राहू द्या.

महालकर
मिळालं काय? डिसेंबरात अधिवेशन येतं, रस्ते बंद होतात, अधिवेशन जातं. पाटी म्हणून चाकूहल्ल्याच्या बातमीवर 'उपराजधानी' लावल्याने कराराचा मान राहतो का?

धरमपेठ
अधिवेशन कमी दिवसांचं होतं तो राग माझाही आहे. पण तो शब्दावर काढू नका. 'संत्रानगरी' म्हणा हवं तर, त्याला कोणाची हरकत नसते, आणि संत्र्याच्या भावाबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

ठेकेदार, नंदनवन
संत्र्याचा विषय काढला तर मग मी रात्रभर बोलतो. आमच्या काटोलकडच्या बागेत यंदा गळ किती झाली ते पाहून जा बाप्पा.

डेस्कवाला
थांबा. महालकरांच्या प्रश्नाला उत्तर आहे. बातमीच्या सुरुवातीला गावाचं नाव असतंच, वरच्या पट्टीतही असतं, मग हेडिंगात तिसऱ्यांदा तेच नको म्हणून दुसरा शब्द घेतात. आणि हेडिंग लांब झालं तर पंचाईत, तशीच तोकडं पडलं तरी पंचाईत. चार कॉलमांच्या डोक्यावर 'नागपूर हादरले' लिहिलं की उजवीकडे बोडकी जागा दिसते. 'उपराजधानी' ती भरतो. कधी कापायचं असतं, कधी भरायचं.

महालकर
म्हणजे माप पानाचं घ्यायचं, बातमीचं नाही. तुम्हीच कबूल केलंत.

पोर्टलवर काम करणारा
मी वेबवर आहे. आमच्याकडे कॉलम नाही, शिसं नाही. मथळ्याला साठ-सत्तर अक्षरं आरामात मिळतात. तरी वरिष्ठ म्हणतात 'स्लॅम्स' टाक, लोक दाबतात. काकांचं गणित त्यांच्या काळापुरतं खरं होतं. आता तेच शब्द सवयीने चाललेत, आणि त्यातल्या त्यात जे मारधाडीचे आहेत तेच जास्त चाललेत. 'बिड' आमच्याकडे जवळपास दिसत नाही. 'स्लॅम' रोज दिसतो.

वकील, सिव्हिल लाइन्स
मुद्द्यावर येऊ या. चारही शब्दांना एकाच दावणीला बांधू नका. 'हाइक' म्हणजे वाढ, त्यात कोणाची बदनामी नाही. 'स्लॅम'मध्ये आहे.

खंडपीठापुढच्या एका प्रकरणात मी हजर होतो. न्यायमूर्तींनी विचारलं की नाल्याचं काम का थांबलं, आणि चार आठवड्यांत शपथपत्र मागितलं. लेखी आदेश दीड पानाचा, त्यात टीकेचा एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी इंग्रजीत 'स्लॅम्स', मराठीत 'फटकारले'. अशिलाचा सकाळी सातला फोन, साहेब आपण केस जिंकलो का? सुनावणीत तोंडी बोललेलं आणि आदेशात लिहिलेलं यातला फरक त्या एका क्रियापदाने पुसला.

आणि डेस्कवाले साहेब, तुमच्याच मापाने मोजा. 'आस्क्स' चार एकक. 'स्लॅम्स' पाच. मराठीत 'विचारले' चार अक्षरं, 'फटकारले' पाच. खरं लिहिलं असतं तर जागा वाचली असती!

डेस्कवाला
मोजलं. बरोबर आहे. 'क्रिटिसाइझ'शी तुलना केली तर 'स्लॅम' जागा वाचवतो, पण जिथे टीकाच नव्हती तिथे ती तुलना लागू होत नाही. तोंडी कडक बोलले असतील तर तसं लिहायला वार्ताहर मोकळा आहे, हेही सांगतो. पण 'स्लॅम'चा बचाव मी मागे घेतो. 'प्रोब'चा नाही घेणार.

वकील
'प्रोब' तर जास्त घातक आहे. पोलीस पुरावा गोळा करतात तो तपास. दंडाधिकारी किंवा कोर्ट करतं ती चौकशी. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २ मध्ये दोन्हींच्या व्याख्या वेगळ्या होत्या, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही वेगळ्याच आहेत. खात्याची विभागीय चौकशी हा तिसराच प्रकार. 'प्रोब'मध्ये तिन्हींचा लगदा होतो.

महालकर
मराठीत तरी कुठे वेगळं लिहितात? पोलिसांनी स्टेशनला बोलावून प्रश्न विचारले तीही 'चौकशी', समिती नेमली तीही 'चौकशी'. 'तपास' आणि 'चौकशी' दोन्ही तीन-तीन अक्षरी. आपल्याकडे तर जागेची सबबसुद्धा नाही.

वकील
हे मान्य करावं लागेल.

खामल्याची वाचक
इतका वेळ वाचत होते. १९९८ ला माझे बाबा एका कार्यालयात क्लार्क होते. आवक-जावक रजिस्टर सापडत नव्हतं, म्हणून खात्याने प्राथमिक चौकशी लावली. पेपरात एका कॉलमात तीन ओळी आल्या, क्लार्क, फेसेस, प्रोब. नाव नव्हतं, पण कार्यालय आणि हुद्दा होता, आणि त्या शाखेत क्लार्क एकटे बाबाच. गल्लीतल्या काकू आईला विचारून गेल्या, पोलीस कधी येणार? बाबांनी महिनाभर सायकल मागच्या बोळातून काढली. दोन महिन्यांनी रजिस्टर दुसऱ्या शाखेच्या कपाटात सापडलं. ती बातमी कोणी लावली नाही. काका, तुमच्या अडीच आणि साडेतीन एककांत हे कुठे मोजायचं?

डेस्कवाला
ताई, तो पेपर माझा नव्हता एवढंच म्हणू शकतो, आणि त्याने तुमचं काही भरून येत नाही. मी असतो तर मीही बहुधा 'प्रोब'च लावला असता. कारण तो क्रियापद म्हणूनही चालतो आणि नाम म्हणूनही, हात आपोआप तिकडे जातो.

वकील
मग आता लावा. तीच बातमी, एक कॉलम, ३६ पॉइंट, आठ एकक. 'प्रोब' न वापरता.

शिक्षिका
मी वर्गातही हेच देणार आहे उद्या.

डेस्कवाला
वीस मिनिटं कागद घेऊन बसलो. 'इन्क्वायरी'मध्ये सात अक्षरं, दोन आय अर्धे, म्हणजे सहा एकक. 'प्रोब'पेक्षा एकच जास्त. इतकी वर्षं मी त्याला लांब समजत होतो.

पहिली ओळ 'ऑफिस': कॅपिटल ओ दीड, दोन एफ आणि आय मिळून दीड, सी आणि ई दोन. पाच.
दुसरी 'इन्क्वायरी': सहा.
तिसरी 'इन्टू क्लार्क': तीन, मधली जागा अर्धी, आणि साडेचार. बरोबर आठ.

बसतं.

खामल्याची वाचक
आणि रजिस्टर सापडल्याची?

डेस्कवाला
तिला कॉलम मिळत नाही, ताई. ते डेस्कच्या हातात नव्हतं.

महालकर
कोणाच्या होतं मग?