टेप कुठे धरली यावर बरंच अवलंबून आहे

>> "कंबरेचा घेर भागिले नितंबांचा घेर: माझं ०.८३ आलं, बायकोचंही ०.८३. म्हणजे दोघंही ठीक ना?"

तुम्ही ठीक, पुरुषांची मर्यादा ०.९० आहे. बायकांची ०.८५, कारण त्यांची ओटीपोटाची हाडं रुंद असतात आणि चरबी नितंब-मांड्यांवर जास्त साठते, म्हणजे भागाकारातला छेदच मोठा. त्यामुळे वहिनींचा आकडा काठावरचा आहे आणि तिथे टेपची जागा निर्णायक ठरते. बहुतेक जण कंबर सर्वांत बारीक दिसते तिथे मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर मोजायचं. नितंब सर्वांत रुंद जागी. समजा नितंब ९८ सेंमी. बारीक जागी कंबर ८१ भरली तर ०.८३, पण मधोमध ८४ भरली की ०.८६! (पोट आत ओढलं की तोही आकडा खोटा.)