माफीनाम्यांना कात्री: तुमचे अनुभव सांगा

शेवंता
काल रात्री साडेदहाला भाचीचा फोन. "मावशी, सरांना मेसेज टाकायचाय, जरा वाच ना." नोकरीला लागून जेमतेम चार महिने. मेसेज जसाच्या तसा देते, तिला विचारूनच:

"सर नमस्कार, सॉरी इतक्या रात्री मेसेज करतेय, तुम्ही झोपला असाल. ॲक्च्युअली उद्या आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, ते खरं तर शुक्रवारी होतं पण डॉक्टरांनी अलीकडे घेतलं, आणि आई गावाला गेलीये, बाबांना सुट्टी मिळत नाहीये, आणि मलाही दोन दिवस जरा कणकण वाटतेय. मला माहितीये उद्या रिव्ह्यू आहे आणि मी नेमकी आत्ताच सुट्टी मागतेय, खरंच सॉरी, खूप वाईट वाटतंय. जमलं तर दुपारनंतर यायचा प्रयत्न करीन, नाहीतर रात्री घरून करीन. प्लीज रागावू नका. परत असं होणार नाही. सॉरी सर."

मी विचारलं, उद्या जाणारेस की नाही? म्हणे नाही. मग ते लिहिलंयस कुठे? शोधत बसली. अख्ख्या मेसेजमध्ये "येणार नाही" हे दोन शब्द नव्हते! उलट "जमलं तर दुपारनंतर" होतं, म्हणजे सर तीन वाजेपर्यंत वाट बघणार. आणि ती कणकण. आजीचं ऑपरेशन एकटं पुरेसं होतं. शेजारी कणकण आणून बसवली की दोन्ही खोटी वाटायला लागतात.

मग विचारलं, रिव्ह्यू कोण दाखवणार? म्हणे केतन दाखवू शकेल. त्याला सांगितलंस? नाही. आधी त्याला फोन करायला लावला. तो हो म्हणाला तेव्हा पावणेअकरा. मग हे गेलं:

"सर, नमस्कार. उद्या, मंगळवारी, मला रजा हवी आहे. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, तिच्यासोबत मी थांबणार आहे. रिव्ह्यूची फाइल शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवली आहे. केतनशी बोलले आहे, तो ती मांडेल. बुधवारी नेहमीच्या वेळेला येते. ऐनवेळी कळवत असल्याबद्दल क्षमस्व."

सरांचं उत्तर: "ओके. टेक केअर." हिचा परत फोन, "मावशी, एवढंच लिहिलंय, रागावले का?"

मला माझेच जुने मेसेज आठवले. तुमचेही असतीलच. टाका.

खारूताई
एक मिनिट, आजी म्हणजे तुझी आई ना? मग मावशी घरी काय करतेय 😄

शेवंता
अगं तिच्या बाबांची आई! आमची आई ठणठणीत आहे, आत्ता लसूण सोलतेय.

आबा_बारामती
३१ वर्षं आस्थापना शाखेत काढली, रजेचे अर्ज पोत्यांनी वाचले. वरिष्ठ अर्जात तीनच गोष्टी शोधतो: कधीपासून कधीपर्यंत, कुठली रजा, आणि तुमचं टेबल कोण बघणार. बाकीचं "सबब नम्र विनंती की" वगैरे आम्ही डोळ्यांनी उडी मारून पुढे जायचो. किरकोळ रजेला "खासगी कामानिमित्त" एवढं कारण चालत असे. वर्षाला ८ रजा, त्यातली एक घेताय, जमीन मागत नाही आहात. एका शिपायाने दोन वर्षांत एकाच आजोबांचे तीनदा दिवस घातले होते. कारण जितकं सविस्तर, तितकं पुढच्या वेळी लक्षात ठेवावं लागतं.

भाचीने "रजा हवी आहे" लिहिलं ते योग्य. हल्ली मुलं "मी रजेवर आहे" असं थेट कळवतात. रजा मागायची असते, सांगायची नसते.

टिंग्या
आबा, असहमत. "मिळेल का" म्हटलं की समोरचा "नाही" म्हणायला मोकळा. मी तर कारणच देत नाही कधी. "उद्या येणार नाही." संपलं. कारण दिलं की घासाघीस सुरू.

मीनल_कोलोन
टिंग्या, अर्धं खरं आहे. मी जर्मनीत आहे, इथे आजाराचं नाव साहेबाला सांगायचं नसतंच. आजारी आहे आणि साधारण किती दिवस, एवढंच कळवायचं. तीन दिवसांपेक्षा जास्त झालं की डॉक्टरचा दाखला. काही ठिकाणी आधीही मागतात. पण ते आजारपणापुरतं. कुणाची मीटिंग तुमच्यामुळे अडत असेल आणि तुम्ही "येणार नाही, संपलं" लिहिलंत तर तो उर्मटपणाच वाटणार. पहिल्या वर्षी मी इथेही पोट बिघडल्याचं साग्रसंगीत वर्णन पाठवलं होतं, पनीर केव्हा खाल्लं तिथपासून. साहेबाने फक्त "लवकर बरी हो" लिहिलं, पण नंतर आठवडाभर माझ्याकडे बघून तो खाली बघायचा.

वरणफळं
घासाघिशीचं अगदी खरं! मी एकदा "पित्त झालंय" लिहिलं तर मॅडमनी आमसुलाचं पाणी घेऊन अकरापर्यंत या म्हणून कळवलं 😂 तेव्हापासून "बरं नाही, आज रजा घेते." औषध सुचवायला जागाच ठेवायची नाही.

नाशिकची_सुई
माझं उलटं आहे, मी ब्लाऊज शिवते, मला गिऱ्हाइकांना कळवावं लागतं. आधी लिहायचे "ताई सॉरी हो, लाईट गेली होती, मग मुलाची परीक्षा, मग अस्तर मिळेना, होईल एक-दोन दिवसांत नक्की". त्या "एक-दोन दिवसांत"मुळे रोज फोन. आता लिहिते: "ताई, ब्लाऊज उद्या मिळणार नाही. शनिवारी सहानंतर तयार असेल. उशीर झाला, माफ करा." फोन बंद. पण शनिवार म्हणजे शनिवारच, हं. खरा अंदाज गुरुवारचा असला तरी मी शनिवार सांगते.

एक ताई मात्र रुसल्या. "पूर्वी किती आपुलकीने लिहायचीस." आता यावर काय करावं?

शेवंता
सुई, अशांना फोनच करावा बहुतेक. लिहून आपुलकी दाखवायला गेलं की पसरतंच.

आबा_बारामती
किंवा माफी तेवढी पहिल्या वाक्यात घ्या. गिऱ्हाइकाला आधी माफी, साहेबाला आधी रजा. क्रम माणूस बघून.

जुना_नोकिया
एसेमेसच्या काळात देवनागरीत एका मेसेजात ७० अक्षरं मावायची. एकाहत्तराव्या अक्षराला दुसऱ्या मेसेजचे पैसे. तेव्हा सगळे आपोआप मुद्द्यावर यायचे. "ताप. उद्या येत नाही. चावी पाटलांकडे."

खारूताई
😂😂 चावी पाटलांकडे! हेच स्टेटस ठेवते.

दवबिंदू
मला कुणी मदत करा. सासूबाईंना रविवारच्या पूजेला येणार नाही असं कळवायचंय. लिहिलेला मेसेज पाठवून झालाय, एकवीस ओळींचा. आता छोटा करू का?

टिंग्या
१५ मिनिटांच्या आत असशील तर एडिट कर.

दवबिंदू
कालचा आहे. आणि निळ्या टिका आल्यात.

मीनल_कोलोन
मग पुसू नकोस, "मेसेज डिलीट केला" दिसतं, ते एकवीस ओळींपेक्षा वाईट. आणि दुसरा खुलासाही पाठवू नकोस. उत्तराची वाट बघ.

वरणफळं
मेसेज कशाला मुळात, सासूबाईंना? नवऱ्याला सांग. त्याची आई, त्याचा निरोप.

दवबिंदू
त्याने दोनच शब्द लिहिले, "जमणार नाही". म्हणून तर मी एकवीस ओळी लिहिल्या त्याच्यावर पांघरूण घालायला 😭

नाशिकची_सुई
शेवंताताई, आजींचं ऑपरेशन झालं का नीट? आमच्या आईचं पुढच्या महिन्यात आहे. थेंब किती दिवस घालावे लागतात? आणि डोक्यावरून अंघोळ कधीपासून?

शेवंता
झालं, संध्याकाळी घरीसुद्धा आल्या. थेंबांचं वेळापत्रक भाचीकडे आहे, विचारून टाकते. ती आत्ता आजीला भाकरी कुस्करून देतेय आणि मधेच मला विचारतेय, सरांच्या "टेक केअर"ला थँक्यू लिहू का.