अनुभव धागा: ‘सगळे बदला’ आणि न्यायालयाच्या उताऱ्यातलं नाव

नौपाडाकर: ठाण्यातल्या एका मुक्त अनुवादकाकडे जमिनीच्या वादातला इंग्रजी अर्ज मराठीत करायला आला. दिवाणी न्यायालयाच्या मराठी आदेशातला उतारा त्यात जसाच्या तसा घालायचा होता. आदेशात पक्षकाराचं आडनाव ‘मात्रे’ टाइप झालेलं, सातबाऱ्यावर ‘म्हात्रे’. ही लेखनातली चूक दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 152 खाली दुरुस्त करून मिळावी, एवढीच मागणी. अनुवादातही काही ठिकाणी ‘मात्रे’ पडलं होतं, म्हणून Ctrl+H वापरून Replace All केलं. उताऱ्यातही ‘म्हात्रे’ झालं. अर्ज म्हणतो नाव चुकलंय, खालचा उतारा दाखवतो बरोबर! तुम्ही उतारे कसे जपता?

घणसोली_७: Find whole words only ला टिक करा, प्रश्न मिटला.

खारकर आळी: नाही मिटत. उताऱ्यातलं ‘मात्रे’ हा पूर्ण शब्दच आहे, तोही बदलणार. त्या टिकेने ‘औषधाच्या मात्रेत’चं ‘म्हात्रेत’ होणं टळेल, पण ‘मात्रेंनी’, ‘मात्रेंच्या’ही तसेच राहतील.
वर्डमध्ये मी सांगेन ते असं: उतारे निवडा, Ctrl+D दाबून फॉन्टच्या खिडकीत Hidden ला टिक करा आणि ¶ बंद ठेवा. लपलेला मजकूर दिसत नसेल तर शोध त्याला हात लावत नाही. ¶ चालू राहिलं तर मात्र सगळी मेहनत वाया. बदल झाल्यावर Ctrl+A करून Hidden काढा. त्याआधी फाइलची प्रत ठेवा आणि शेवटी Review मधल्या Compare ने दोन्ही ताडून पाहा. उताऱ्यात एकही बदल दिसता कामा नये.

वाशी_सेक्टर१७: माझ्या पासपोर्टवर आणि आधारवर स्पेलिंग वेगळं आहे. अनुवादात कोणतं लिहायचं?

नौपाडाकर: ताई, ज्या कागदाचा अनुवाद, त्यावरचंच. बाकी वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

पाचपाखाडी_वकील: उताऱ्यात चुकलेल्या नावापुढे [मूळप्रमाणे] लिहा, म्हणजे पुढचा टायपिस्ट ते ‘सुधारणार’ नाही. आणि ताडताना पडद्यावरची फाइल नको, आदेशाची प्रमाणित प्रत घ्या. अनुवाद दाखल होऊन गेला असेल, तर गुपचूप पान बदलू नका. वकिलांना लगेच लेखी कळवा.

घणसोली_७: टिकेचं पटलं. पण एकच पान नवं दिलं तर अनुवादकाचं जुनं प्रमाणपत्र चालेल का?

पाचपाखाडी_वकील: माझ्या मते सगळा अनुवाद नव्या प्रमाणपत्रासह द्यावा.

खारकर आळी: मला तेवढं गरजेचं वाटत नाही. दुरुस्त पान आणि त्या पानापुरतं सही-तारखेचं निवेदन पुरे. कोणता शब्द कशाचा काय झाला होता, ते मात्र त्यात स्पष्ट लिहायचं.

पाचपाखाडी_वकील: समोरच्या पक्षाने हरकत घेतली, तर तेवढ्याने भागेल असं मला वाटत नाही.