उतारा वाचताना थांबायचं कुठे?

> मुलगी स्वल्पविराम दिसला की थांबते, मधे मात्र सुसाट. अवघड शब्द आला की अडखळते. तोंडी परीक्षा जवळ आलीय.

स्वल्पविराम नसला तरी वाक्याला सांधे असतातच. ‘रात्रभर कोसळलेल्या पावसामुळे / नदीकाठची जमीन / खचली होती.’ ‘कोसळलेल्या’पाशी श्वास घेतला तर विशेषण लोंबकळतं, ‘पावसामुळे’नंतर चालतो. विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागलेल्या शब्दानंतर बहुधा असा सांधा सापडतो.

अवघड शब्द आधी नजरेने हेरायचा. ‘अनिर्वचनीय आनंद’ असेल तर मनात अ-निर्-वचनीय फोडायचं, पण म्हणताना दोन्ही शब्द एका दमात. श्वास त्यांच्या आधीच घ्यायचा. अडखळणं शब्दाच्या तोंडाशी थबकल्यामुळे जास्त जाणवतं. चुकलाच तर फक्त तो शब्द पुन्हा म्हणून पुढे जायचं. वाक्य पहिल्यापासून सुरू केलं की लय जाते, आणि (माझ्या मते) परीक्षकाच्या कानाला तेच जास्त खुपतं.