मदत हवी आहे: सोकोबानची पातळी चुकीच्या जागी अडकते

भाच्यासाठी सोकोबानसारखा, खोकी फक्त ढकलून ठरलेल्या जागी न्यायचा खेळ बनवतोय. एका पातळीत एकच गोष्ट शिकवायची, एवढाच नियम. ही चौथी:

```
#######
# . . #
#     #
# $$  #
#  @  #
#######
```

`@` खेळाडू, `$` खोकं, `.` लक्ष्य, म्हणजे खोकं जिथे न्यायचं ती जागा. शिकवायचं असं की भिंतीला लागून दोन खोकी शेजारी-शेजारी आली की दोन्ही जाम होतात. दोन्ही सरळ वर नेली तर तेच होतं. उजवं वर नेऊन आधी बाजूला सरकवलं, मग डावं नेलं, की सुटते.

मृत घरं, म्हणजे जिथून खोकं लक्ष्यावर जाऊच शकत नाही अशी, मी लक्ष्यापासून खोकं उलटं ओढून काढतो. जिथे ते पोहोचत नाही ते घर बाद. पण वरच्या ओळीत कोपरे सोडून सगळी घरं जिवंत निघतात, त्यामुळे दोन खोक्यांचा हा जाम त्यात सापडतच नाही.

आणि भाचा अडकला भलतीकडेच! उजवं खोकं एक घर वर ढकललं, मग डावा बाण दाबला. दुसरं खोकं डाव्या भिंतीला चिकटलं, तिथे लक्ष्य नाही, खेळ खलास. त्याला कळलंही नाही, पुढची पाच मिनिटं ढकलतच होता.

तिथे भिंत घातली (`##$$  #`) तर ही चाल बंद होते, पण दुसऱ्या ओळीतून तीच चूक शक्य राहतेच. प्रश्न दोन:

अशा वाटा भिंतींनी बुजवत जायच्या, की लक्ष्यंच हलवायची?

आणि दोन खोकी असताना सोडवलेल्या स्थितीपासून मागे जात सगळ्या स्थिती तपासता येतात, जेमतेम साडेतीन हजार. सहा खोक्यांना काय करता?